तराजूतला पासंग आणि चॉपर

(एका शनिवारी संध्याकाळी पुण्यात हौशी आणि व्यावसायिक इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसमोर केलेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं.)

नमस्कार मंडळी. सुरू करण्याआधी एक काम करतो, या टेबलावर दोन बोर्ड ठेवलेत, दोन्हीचं इनपुट शॉर्ट केलंय, म्हणजे आत जाणारं सिग्नल शून्य, आणि दोन्हींचं आउटपुट लॅपटॉपवर लॉग होतंय. दोन्हींवर पुठ्ठ्याचे खोके उलटे घातलेत आणि आत कापूस भरलाय. कापूस का ते येईल पुढे. आत्ता फक्त लॉगिंग चालू करतो आणि आपण शेवटी बघू काय झालं ते. आयोजकांनी मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय चॉपर स्टॅबिलायझेशन, पण मी आधी तराजूबद्दल बोलणार आहे.

लहानपणी ज्यांनी किराणा दुकानातला हाताचा तराजू बघितलाय त्यांना पासंग हा शब्द माहीत असेल. दोन पारडी रिकामी असताना सुद्धा तराजू एका बाजूला झुकतो, मग हलक्या बाजूला दुकानदार एखादा दगड नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधायचा. तो झुकाव म्हणजे पासंग. आता समजा तुम्हाला पासंग किती आहे तेच माहीत नाही आणि बांधायला काही नाही, तरी खरं वजन काढता येतं. माल डाव्या पारड्यात ठेवून एकदा वजन करा, मग माल उजवीकडे आणि मापं डावीकडे, परत वजन करा. पहिल्या वेळी पासंग मालाच्या बाजूने होता, दुसऱ्या वेळी विरुद्ध. दोन्हींची सरासरी काढली की पासंग निघून गेला, तो किती होता हे न कळता. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवा, आजचं सगळं भाषण त्याच्यावरच उभं आहे. ऑपअँपचा ऑफसेट म्हणजे त्याचा पासंग, आणि चॉपर म्हणजे पारडी बदलणारा माणूस. प्रश्न एकच उरतो की पारडी किती वेगाने बदलायची, आणि त्या प्रश्नाचं उत्तर फ्लिकर नॉईजचा कॉर्नर देतो.

आता माझी गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका छोट्या कारखान्यात होतो, तिथे बेदाणे वाळवायच्या चेंबरसाठी एक वजनाची रिग करायचं काम आलं. द्राक्षांचा ट्रे लोड सेलवर टांगलेला, गरम हवा चालू, आणि वजन कसं कमी होतं ते दोन तीन दिवस सलग लिहून घ्यायचं. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, पण शेवटी शेवटी तासाला दोन चार ग्रॅमच कमी होतात आणि तिथेच तर कळायला हवं की आता थांबवायचं. आता यात अडचण काय, तर ट्रे मध्येच उचलून झिरो करता येत नाही. दुकानातला काटा दर गिऱ्हाइकाला झिरो होतो, इथे एकदा झिरो केलं की तीन दिवस त्याच झिरोवर विश्वास.

लोड सेल दहा किलोचा, सेन्सिटिव्हिटी २ मिलिव्होल्ट पर व्होल्ट, एक्सायटेशन ५ व्होल्ट. म्हणजे पूर्ण दहा किलोला १० मिलिव्होल्ट. हिशोब एकदम सोपा पडतो बघा, १ ग्रॅम म्हणजे १ मायक्रोव्होल्ट. पुढे मी मायक्रोव्होल्ट म्हटलं की तुम्ही ग्रॅम ऐका.

अँप्लिफायर साधाच होता, तेव्हा कपाटात असलेल्या ऑपअँपचा केलेला. पहिल्या दिवशी सकाळी आठला ठरावीक वजन टांगलं, झिरो केलं, दुपारी दोनला येऊन बघतो तर नऊ ग्रॅम गायब. काही वाळायला ठेवलेलंच नव्हतं हो, लोखंडी वजन टांगलं होतं. आणि नऊ ग्रॅमचं सोडाच, आकडा सेकंदासेकंदाला सुद्धा दीड दोन ग्रॅम इकडे तिकडे हलत होता. कधी शांत बसायचा, मग दहा मिनिटात हळूच सरकायचा, परत यायचा.

आमचे जे वरिष्ठ होते त्यांनी लांबूनच सांगितलं, अरे अ‍ॅव्हरेज वाढव की. एक सेकंदाचं अ‍ॅव्हरेज आहे ना, शंभर सेकंदाचं कर, नॉईज दहापट कमी होईल, रूट एन. आणि मी केलं. शंभर सेकंदाचं केलं. दहापट सोडा, निम्मा सुद्धा झाला नाही. मग म्हणाले पाचशेचं कर. पाचशेचं केलं तर सकाळ दुपारचा सरकणारा भाग तसाच, आणि बाकीचा जेमतेम कमी. दोन आठवडे, मंडळी, दोन आठवडे आम्ही लोड सेल बदलतोय, केबल बदलतोय, अर्थिंग बदलतोय. लोड सेलवाल्याशी भांडण झालं. तिसरा लोड सेल आला तरी तेच. आणि या सगळ्यात अँप्लिफायरचं इनपुट शॉर्ट करून बघायला कोणाला सुचलं नाही, मला पण नाही, याचं मला आजही वाईट वाटतं कारण ती पाच मिनिटांची टेस्ट आहे.

शेवटी एका रविवारी मी एकटाच होतो तेव्हा केली. बोर्डावरच्या इनपुट कनेक्टरच्या पिनांमध्येच तांब्याच्या वायरचा छोटा तुकडा लावून शॉर्ट केलं, लोड सेल बाहेर. आकडा तरी हलतोच आहे! म्हणजे बिचाऱ्या लोड सेलचा काही संबंध नव्हता. मग वीज गेली. आणि वीज गेली तेव्हा बोर्ड बॅटरीवर चालू राहिला, पंखा बंद पडला, आणि आकड्याची हालचाल एकदम कमी झाली. आधी मला वाटलं मेन्सचा पिकअप असणार, पण वीज आल्यावर पंखा बंदच ठेवला तर आकडा तसाच शांत. पंखा चालू केला की परत वळवळ. तेव्हा लक्षात आलं की सीलिंग फॅनची हवा बोर्डावर येते, कनेक्टरची निकेल चढवलेली पिन आणि तांब्याची वायर यांचा प्रत्येक जोड एक थर्मोकपल आहे, डिग्रीला काही मायक्रोव्होल्ट देणारं, आणि दोन पिनांमध्ये डिग्रीचा दहावा भाग फरक पडला तरी आपल्या हिशोबात अर्धा एक ग्रॅम इकडे तिकडे. म्हणून तो कापूस. बोर्डावर खोका घाला, कापूस भरा, तेवढ्याने एक चोर पकडला जातो.

तर त्या दिवशी मला कळलं की माझ्याकडे एक नाही तीन चोर आहेत आणि तिघं वेगवेगळ्या चालीने चालतात. हे जरा सावकाश सांगतो कारण आजही लोक माझ्याकडे बोर्ड घेऊन येतात आणि म्हणतात ड्रिफ्ट होतोय, आणि ड्रिफ्ट या एका शब्दात हे तिन्ही कोंबलेले असतात. पंख्याचा चोर सेकंद ते मिनिटाच्या चालीने येतो आणि खोका घातला की जातो. तापमानाचा चोर तासांच्या चालीने येतो, शेजारी थर्मामीटर ठेवून दोन्ही आलेख एकावर एक टाकले की चाल जुळते. माझ्या ऑपअँपचा ड्रिफ्ट डिग्रीला दीड मायक्रोव्होल्ट होता, सकाळपासून दुपारपर्यंत खोली सहा डिग्रीने तापली, सहा दिडं नऊ. झाले आमचे नऊ ग्रॅम. आणि तिसरा चोर म्हणजे खोका घातल्यावर, तापमान स्थिर असताना, इनपुट शॉर्ट असताना जो उरतो तो. तो तुम्ही सेकंदाचा आलेख बघा, मिनिटाचा बघा, तासाचा बघा, दिसायला सारखाच दिसतो. अक्षावरचे आकडे झाकले तर सांगता येणार नाही की हा एक मिनिट आहे की एक तास. तो फ्लिकर.

याचा शोध जुना आहे, १९२५ मध्ये जॉन्सनने व्हॅक्युम ट्यूबमध्ये बघितलं की कमी फ्रिक्वेन्सीला नॉईज अपेक्षेपेक्षा खूप जास्त येतो, आणि पुढच्या वर्षी शॉट्कीने त्याची मीमांसा केली की कॅथोडच्या पृष्ठभागावर परके अणू येतात जातात त्यामुळे उत्सर्जन लुकलुकतं, त्यावरून फ्लिकर. मॉसफेटमध्ये कॅथोड नाही, पण ऑक्साइड आणि सिलिकॉनच्या सीमेवर ट्रॅप असतात, इलेक्ट्रॉन त्यात अडकतो आणि सुटतो. चहाच्या टपरीवर बघा, कोणी कटिंग मारून मिनिटात जातो, कोणी पेपर वाचत तासभर बसतो, कोणी सकाळचा आलेला संध्याकाळीच उठतो. प्रत्येक ट्रॅपचा आपापला मुक्काम आहे, आणि हे सगळे मुक्काम एकत्र केले की नॉईजची पॉवर फ्रिक्वेन्सीच्या व्यस्त प्रमाणात वाढत जाते. म्हणून वन बाय एफ.

आता कॉर्नर. वरच्या फ्रिक्वेन्सीला ऑपअँपचा नॉईज सपाट असतो, व्हाइट. खाली जाताना एका ठिकाणी वन बाय एफ त्याच्या बरोबरीला येतो, ती फ्रिक्वेन्सी म्हणजे कॉर्नर. डेटाशीटमध्ये हा आकडा लिहिलेला असेलच असं नाही, आणि माझी मोठी तक्रार हीच आहे की पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एक किलोहर्ट्झचा नॉईज छापलेला असतो आणि डीसी अँप्लिफायर करणारा माणूस तो बघून पार्ट निवडतो. एक किलोहर्ट्झला तुमचं काहीच चाललेलं नाहीये! आत आलेख असतो तो उघडा, खालच्या एखाद्या फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचा, सपाट भागाचा आकडा वाचा, आणि बोर्डवर लिहितो तसा हिशोब करा.

```
fc = f1 * ( (e1/ew)^2 - 1 )
```

माझ्या त्या ऑपअँपचा सपाट नॉईज १० नॅनोव्होल्ट पर रूट हर्ट्झ, आणि १ हर्ट्झला १०० नॅनोव्होल्ट. भागाकार दहा, वर्ग शंभर, वजा एक. कॉर्नर आला ९९ हर्ट्झ, शंभर धरू. आणि मी काम करत होतो एक हर्ट्झच्या खाली. म्हणजे मी सगळा वेळ त्या चढावरच होतो, सपाटीवर एक क्षण पण नव्हतो.

मग एका पट्ट्यातला एकूण नॉईज किती, तर

```
e_rms = ew * sqrt( (fH - fL) + fc * ln(fH/fL) )
```

यातला पहिला भाग व्हाइट, दुसरा फ्लिकर. फ्लिकरचा भाग नीट बघा, त्यात फक्त वरच्या आणि खालच्या फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर आहे. एक ते दहा हर्ट्झमध्ये जेवढा, तेवढाच ०.१ ते १ मध्ये, तेवढाच ०.०१ ते ०.१ मध्ये. तुम्ही खाली जात राहा, प्रत्येक दशकात तो तेवढाच माल घेऊन उभा आहे.

आता आमच्या वरिष्ठांचा सल्ला या सूत्रात घालून बघू. मी एक तास निरीक्षण करतोय, म्हणून खालची फ्रिक्वेन्सी साधारण एक भागिले ३६००. एक सेकंदाचं अ‍ॅव्हरेज म्हणजे वरची साधारण अर्धा हर्ट्झ. गुणोत्तर १८००, त्याचा लॉग साडेसात, गुणिले शंभर साडेसातशे, वर्गमूळ २७, गुणिले १०, म्हणजे २७० नॅनोव्होल्ट आरएमएस, आणि पीक टू पीक साधारण साडेसहापट धरतात म्हणून १.८ मायक्रोव्होल्ट. एक पॉइंट आठ ग्रॅम, तंतोतंत तेच जे मी डोळ्यांनी बघत होतो. आता अ‍ॅव्हरेज शंभर सेकंद करा. वरची फ्रिक्वेन्सी शंभरपट खाली आली, गुणोत्तर १८, लॉग २.९, वर्गमूळ १७, म्हणजे १७० नॅनोव्होल्ट. पीक टू पीक १.१ ग्रॅम. शंभरपट वाट बघून १.८ चे १.१! आणि रूट एनच्या भरवशावर बसलेला माणूस ०.१८ ची वाट बघतोय.

रूट एन खोटं नाहीये. ते व्हाइट नॉईजचं गणित आहे, ज्यात आत्ताच्या चुकीचा मागच्या चुकीशी संबंध नसतो. फ्लिकरमध्ये संबंध असतो, मागचा सेकंद वर होता तर हा पण वर असण्याची शक्यता जास्त, मग शंभर जणांना विचारलं तरी ते एकाच घरातले निघतात, मत एकच. कॉलेजात रूट एन शिकवताना ही अट सांगतच नाहीत, किंवा इतकी पटकन सांगतात की ती वहीत उतरत नाही. मला मनापासून वाटतं की ही अट आधी शिकवावी आणि सूत्र नंतर.

मग केलं काय? त्या वेळी चॉपर ऑपअँप मागवायला महिना लागला असता. पण तराजू आठवला. लोड सेल हा ब्रिज आहे, त्याचं एक्सायटेशन उलटं केलं की त्याचं आउटपुट उलटं होतं, पण अँप्लिफायरचा ऑफसेट उलटा होत नाही. म्हणजे पारडी बदलली. मी एक डबल पोल डबल थ्रो टॉगल स्विच लावला आणि हातात घड्याळ घेऊन पाच सेकंद सुलट, पाच सेकंद उलट, प्रत्येक वेळी पहिला सेकंद सेटलिंगसाठी सोडून द्यायचा, आणि सुलट वजा उलट भागिले दोन. तासभर बसून केलं. अंगठा दुखायला लागला पण आलेख सरळ आला हो! तापमानाचा ऑफसेट गेला, आणि लोड सेलच्या कनेक्टरमधला थर्मल ईएमएफ पण गेला, कारण तो पण एक्सायटेशनबरोबर उलटा होत नाही. मग तिथे रिले लावला आणि पुढे मॉसफेट.

समोरून प्रश्न येतोय की दहा सेकंदाला एक फेरी म्हणजे ०.१ हर्ट्झ, ते तर शंभरच्या कॉर्नरच्या कितीतरी खाली, मग उपयोग कसा झाला? ताई, फार चांगला प्रश्न, कारण इथेच बहुतेक लेख चूक करतात. पारडी ज्या वेगाने बदलता त्या फ्रिक्वेन्सीला अँप्लिफायरचा जो नॉईज आहे तोच तुमचा नवा मजला होतो. ०.१ हर्ट्झला या ऑपअँपचा नॉईज ३१६ नॅनोव्होल्ट पर रूट हर्ट्झ. दहाच्या मानाने भयंकर आहे. पण तो आता *सपाट* आहे! उलटापालट केल्यावर शून्याच्या आसपासचा नॉईज चढाचा राहत नाही, मजल्याचा होतो, आणि सपाट झाला की रूट एन परत लागू. शंभर सेकंदाचं अ‍ॅव्हरेज घेतलं तर ३१६ गुणिले रूट ०.००५, बावीस नॅनोव्होल्ट आरएमएस, हार्मोनिकमधून थोडा आणखी येतो, पण १७० च्या ठिकाणी वीस पंचवीस. पीक टू पीक ०.१५ ग्रॅम. वरिष्ठांचं अ‍ॅव्हरेज आता चाललं. बेदाण्याला शंभर सेकंद म्हणजे काहीच नाही, त्यामुळे आमचं भागलं. ज्याला सेकंदात उत्तर हवंय त्याला मजला खाली आणावा लागतो, म्हणजे पारडी कॉर्नरच्या वर बदलायची. एक किलोहर्ट्झने बदला, मजला साडेदहा नॅनोव्होल्ट, आणि त्याच्या वर जाऊन फार काही मिळत नाही, साडेदहाचे दहा होतील एवढंच.

आयोजक घड्याळ दाखवतायत. दहा मिनिटं? बरं. आणि ज्याच्यासाठी तुम्ही आलात तो चॉपर अजून आलाच नाही, तर आता जरा भरभर.

चॉपर अँप्लिफायर म्हणजे हीच उलटापालट चिपच्या आत. इनपुटला चार स्विच, प्लस मायनसला आणि मायनस प्लसला जोडणारे, मग अँप्लिफायर, मग तसेच चार स्विच त्याच तालावर. सिग्नल दोनदा उलटतो म्हणून सुलट बाहेर येतो. ऑफसेट आणि फ्लिकर मधल्या अँप्लिफायरमध्ये जन्मतात, त्यांच्या वाट्याला फक्त दुसरे स्विच येतात, म्हणून ते डीसीवरून उठून चॉपिंग फ्रिक्वेन्सीवर जाऊन बसतात, चौकोनी लाट म्हणून, आणि तिथून त्यांना फिल्टरने काढतात. पूर्वी हे स्विच यांत्रिक असायचे, थरथरणारी पट्टी, मेन्सच्या तालावर चालणारी, आणि मग मेन्सचा पिकअप पण त्याच तालावर असल्यामुळे डीसी होऊन आउटपुटला यायचा, म्हणून काही लोक मुद्दाम ९४ हर्ट्झसारखा अवघड आकडा वापरायचे. पण नुसत्या चॉपरची बँडविड्थ तुटपुंजी. १९५० च्या सुमारास अमेरिकेत आरसीएमध्ये गोल्डबर्गने मार्ग काढला, वेगवान अँप्लिफायर मुख्य रस्त्यावर ठेवायचा आणि हळू चॉपर बाजूला बसून त्याच्या समिंग पॉइंटवरची चूक मोजत त्याचा झिरो दुरुस्त करत राहायचा. यालाच चॉपर स्टॅबिलायझेशन म्हणतात. अ‍ॅनॉलॉग कॉम्प्युटरवाल्यांना ते हवंच होतं, त्यांचे इंटिग्रेटर ऑफसेट सुद्धा इंटिग्रेट करत बसायचे.

आजच्या झिरो-ड्रिफ्ट ऑपअँपमध्ये चॉपिंग दहा हजारांपासून लाखो हर्ट्झपर्यंत असतं, ड्रिफ्ट डिग्रीला ०.०५ मायक्रोव्होल्टच्या आसपास किंवा कमी. माझ्या दीड मायक्रोव्होल्टच्या मानाने तीस पट कमी, नऊ ग्रॅमचे ०.३ ग्रॅम. फ्लिकर जवळजवळ नाहीच.

मग फुकट मिळतं का सगळं, तर नाही, आणि तीन गोष्टी सांगितल्याशिवाय मी खाली उतरणार नाही. पहिली, स्विच उघडझाप करताना थोडा चार्ज इनपुटला ढकलतात. सरासरीने तो बायस करंट दिसतो, समजा शंभर पिकोअँपिअर. लोड सेलच्या ३५० ओहमला काही फरक पडत नाही, पण सोर्स एक मेगाओहमचा असेल तर शंभर मायक्रोव्होल्टचा ऑफसेट तुम्ही स्वतः तयार केलात, आणि चॉपर घेऊन साध्या ऑपअँपपेक्षा वाईट अवस्था. चॉपिंग जितकं वेगात तितका हा चार्ज जास्त वेळा, म्हणून वेग वाढवत नेणं पण फायद्याचं नाही. मोठ्या रेझिस्टन्सच्या सोर्सला जेफेट इनपुटवाला ऑपअँप घ्या आणि ड्रिफ्टचं वेगळं बघा.

दुसरी, रिपल. ती चौकोनी लाट फिल्टर केली तरी थोडी उरते, आणि तुमचा एडीसी जर समजा एक किलोहर्ट्झने सँपल करत असेल आणि चॉपिंग त्याच्या पटीच्या अगदी जवळ, अर्धा पाव हर्ट्झ इकडे तिकडे असेल, तर रिपल खाली घसरून पाव हर्ट्झची संथ लाट म्हणून दिसते. दोन चॉपर शेजारी शेजारी लावले आणि त्यांची घड्याळं किंचित वेगळी असली तरी तसंच बीट दिसतं. दिसायला हुबेहूब ड्रिफ्ट! ओळखायचं कसं, तर सँपलिंगचा वेग एक टक्का बदला. खरा ड्रिफ्ट तसाच राहील, या तोतयाची चाल लगेच बदलेल. इलाज म्हणजे चॉपरनंतर आणि एडीसीच्या आधी एक साधा आरसी फिल्टर, आणि दोन चॉपरना सप्लाय डीकपलिंग वेगवेगळं.

तिसरी आणि माझ्या जिव्हाळ्याची. स्विचच्या अलीकडे जे घडतं त्याला चॉपर हात लावू शकत नाही. त्या रिगमध्ये पुढे आम्ही झिरो-ड्रिफ्ट ऑपअँप घातला, नऊ ग्रॅमचा प्रश्न मिटला, तरी सकाळ दुपार एक सव्वा ग्रॅम राहिलाच. तो लोड सेलचा स्वतःचा झिरो होता, फुल स्केलच्या ०.००२ टक्के पर डिग्री म्हणजे डिग्रीला ०.२ ग्रॅम, सहा डिग्रीला १.२. आणि तो एक्सायटेशन उलटं करून पण जात नाही, कारण तो ब्रिजच्या आतच आहे, खऱ्या वजनासारखाच उलटतो. पण तो आज्ञाधारक होता, थर्मामीटरच्या मागे सरळ रेषेत चालणारा, म्हणून लोड सेलवर एक सेन्सर चिकटवून तेवढं गणिताने वजा केलं. अँप्लिफायर गप्प झाल्यावरच हे दिसलं. ज्या लोड सेलवाल्याशी आम्ही भांडलो होतो त्याच्या डेटाशीटमध्ये तो आकडा पहिल्या दिवसापासून छापलेला होता, आणि त्यांचा माल त्यांनी सांगितला तसाच वागत होता.

आता लॅपटॉप बघू. इकडे या, मागच्यांना दिसत नसेल. वरचा आलेख साध्या ऑपअँपचा, चाळीस मिनिटात बघा कसा नागमोडी गेलाय, आणि हा मधला मिनिटभराचा तुकडा मोठा करतो, दिसायला तोच. खालचा चॉपरचा, सुतासारखा सरळ. दोन्हींचं अ‍ॅव्हरेज एकच सेकंद आहे. आता दोन्हींवरचे खोके काढतो, कापूस काढतो, आणि काका जरा तो पंख्याचा रेग्युलेटर फुल करा. थांबा पाच दहा सेकंद. हं, आता बघा खालचा, चॉपरवाला. हलायला लागला ना? इनपुटच्या शॉर्टचे सोल्डर जोड गार होतायत, ते स्विचच्या अलीकडे आहेत. खोका परत घाला त्याच्यावर.